सत्तावीसपासून निघालेली क्रमिका

अलेक्झांड्रियाचा हेरॉन आपल्याकडे शाळेतल्या भूमितीत भेटतो. त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्या की क्षेत्रफळ काढायचं सूत्र त्याच्या नावावर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने लिहिलेला ‘मेट्रिका’ हा ग्रंथ कित्येक शतकं हरवलेला होता. १८९६ साली कॉन्स्टँटिनोपलला त्याची हस्तलिखित प्रत सापडली. त्यात हेरॉन हे सूत्र समजावताना ७, ८ आणि ९ अशा बाजूंचा त्रिकोण घेतो. परिमितीचं निम्मं १२. त्यातून बाजू वजा केल्या की ५, ४ आणि ३ उरतात. १२ × ५ × ४ × ३ म्हणजे ७२०, आणि क्षेत्रफळ म्हणजे ७२० चं वर्गमूळ.

इथे गाडी अडते. ७२० ही पूर्ण वर्गसंख्या नाही. हेरॉन म्हणतो, जवळची वर्गसंख्या घ्या : ७२९, तिचं मूळ २७. आता ७२० ला २७ ने भागा, २६ २/३ येतात. त्यात २७ मिळवा, ५३ २/३ झाले. त्याचं निम्मं करा, २६ ५/६. याचा वर्ग केला तर ७२० १/३६ येतो, म्हणजे हव्या त्या संख्येपेक्षा जेमतेम छत्तिसावा भाग जास्त. हेरॉन एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण तो पुढे आणखी एक वाक्य लिहितो. त्याचा आशय असा : हा फरक १/३६ पेक्षाही कमी हवा असेल तर ७२९ च्या जागी आता मिळालेले ७२० १/३६ घ्या आणि तीच कृती पुन्हा करा, फरक १/३६ पेक्षा पुष्कळच कमी होईल.

या वाक्यामुळे एका उत्तराच्या जागी उत्तरांची न संपणारी रांग उभी राहते. अशा रांगेला गणितात क्रमिका म्हणतात. हेरॉनने ‘पुष्कळच कमी’ म्हटलं, पण पुष्कळ म्हणजे किती? आणि असं दर वेळी होईलच, याची हमी काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात, तीही हेरॉनच्याच आकड्यांवरून, आणि त्यासाठी शाळेतल्या बीजगणितापलीकडचं फारसं काही लागत नाही.

आधी कृतीमागचा साधा विचार पाहू. २७ हे खऱ्या मुळापेक्षा मोठं आहे. मग ७२० भागिले २७ हे मुळापेक्षा लहान असलंच पाहिजे, कारण दोघांचा गुणाकार नेमका ७२० आहे. एक वर गेलं की दुसरं खाली जातं. मूळ या दोघांच्या मध्ये कुठेतरी अडकलेलं आहे, म्हणून दोघांची सरासरी घ्यायची. ज्या संख्येचं वर्गमूळ हवं तिला a म्हणू आणि क्रमिकेतल्या पदांना x₀, x₁, x₂ अशी नावं देऊ. मग कृती अशी लिहिता येते :

xₙ₊₁ = (xₙ + a/xₙ) / 2

सरासरीचा हा विचार पटण्यासारखा आहे, पण तो ‘पुष्कळच’चा उलगडा करत नाही. दोन टोकांच्या मध्यावर गेलं की अंतर निम्मं होईल, एवढंच त्यातून वाटतं. प्रत्यक्षात २७ मुळापासून सुमारे ०.१६७ दूर होतं आणि २६ ५/६ फक्त ०.०००५ दूर आहे. निम्म्याचा हिशेब कुठल्या कुठे राहिला. हे कसं झालं ते दिसायला आलेख काढावा लागतो.

आलेखाच्या कागदावर y = x² − 720 हा वक्र काढा. तो वर उघडणारा अन्वस्त असतो आणि X-अक्षाला तो जिथे छेदतो तिथेच आपलं वर्गमूळ असतं. x = २७ असताना वक्राची उंची ७२९ − ७२० म्हणजे ९. त्या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढली तर तिचा चढ २ × २७, म्हणजे ५४. आता वक्र सोडून द्या आणि या सरळ रेषेवरून अक्षापर्यंत उतरा. उंची ९ आणि चढ ५४ आहे, म्हणून डावीकडे ९/५४, अर्थात १/६ एवढं सरकावं लागतं. २७ वजा १/६ म्हणजे २६ ५/६. हेरॉनची सरासरी आणि स्पर्शिकेचा पाय एकाच ठिकाणी पडले. हा योगायोग नाही. X मधून (x² − a)/2x वजा केलं की सुटसुटीत होऊन x आणि a/x यांची सरासरीच उरते.

समीकरणाचं मूळ स्पर्शिकेवरून गाठायच्या रीतीला न्यूटन-रॅफसन पद्धत म्हणतात. न्यूटनने १६६९ साली ती x³ − 2x − 5 = 0 या समीकरणावर चालवून दाखवली होती, पण त्याच्या मांडणीत स्पर्शिका नाही; दर पायरीला तो नवं समीकरण बनवत जातो. एकच सूत्र पुन्हा पुन्हा लावायची सुटसुटीत मांडणी जोसेफ रॅफसनने १६९० मध्ये छापली. चित्र म्हणून स्पर्शिका इतकी स्वाभाविक वाटते की या दोघांनी ती काढली नव्हती यावर विश्वास बसत नाही.

चित्रात आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाहायची. आपण वक्र सोडून सरळ रेषेवरून उतरलो. त्यामुळे चूक किती झाली? २६ ५/६ पाशी स्पर्शिकेची उंची शून्य आहे, वक्राची उंची १/३६ आहे. हे १/३६ आलं कुठून? आपण सरकलो होतो १/६ ने, आणि १/६ चा वर्ग १/३६. x² या वक्राचं हे वैशिष्ट्यच आहे : c या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेच्या वर हा वक्र नेमका (x − c)² एवढा असतो. पडताळा दोन ओळींचा आहे. x² ची c पाशी स्पर्शिका 2cx − c², आणि x² मधून ती वजा केली की (x − c)² उरतं. मला विचाराल तर सगळी सिद्धता या एका ओळीत आहे. पुढचं आहे ते हिशेब नीट मांडणं.

हिशेबासाठी एक नाव हवं. xₙ चा वर्ग a पेक्षा जितका जास्त भरतो त्याला आपण वाढावा म्हणू आणि dₙ असं लिहू. २७ साठी वाढावा ९, २६ ५/६ साठी १/३६. प्रत्येक पायरीला आपण वाढाव्याला xₙ च्या दुपटीने भागतो आणि तेवढं मागे सरकतो. नवा वाढावा म्हणजे त्या सरकण्याचा वर्ग. म्हणून

dₙ₊₁ = dₙ² / (4xₙ²)

हेरॉनचे आकडे घालून पाहा. ९ चा वर्ग ८१, खाली ४ × ७२९ म्हणजे २९१६, आणि ८१/२९१६ म्हणजे १/३६. आता हेरॉनने सांगितलेली पुढची पायरी करू. वाढावा १/३६, त्याला २६ ५/६ च्या दुपटीने भागलं की १/१९३२ येतं. तेवढं मागे सरकलं की नवं पद ५१८४१/१९३२, दशांशात सुमारे २६.८३२८१५७३५. त्याचा वाढावा १/१९३२ चा वर्ग, म्हणजे १/३७,३२,६२४. छत्तिसाव्या भागावरून एका उडीत सदतीस लाखाव्या भागाच्याही खाली. आणखी एकदा केलं तर सरकणं १/२०,०३,१३,६२४ एवढं येतं आणि वाढावा त्याचा वर्ग, म्हणजे छेदात सतरा अंकी संख्या. हेरॉनचं ‘पुष्कळच’ ते हे. (दर वेळी अंशात १ येतो ही मात्र २७ निवडल्याची कृपा. ९/५४ चा संक्षेप १/६ असा नेटका झाला म्हणून. दुसरीकडून सुरुवात केली तर अपूर्णांक इतके देखणे नसतात.)

आता हमीचा प्रश्न. आकडे लहान होत जाताना दिसले म्हणून ते कायम होतीलच असं नाही. गणितात ‘दिसलं’ याला किंमत नसते.

वाढाव्याच्या सूत्राकडे पुन्हा पाहा. उजवीकडे अंश आणि छेद दोन्ही वर्ग आहेत, म्हणून नवा वाढावा ऋण असूच शकत नाही. सुरुवातीला तुम्ही मुळापेक्षा लहान संख्या घेतली, म्हणजे वाढाव्याऐवजी तूट आली, तरी पहिल्या पायरीनंतर क्रमिका मुळाच्या वरच्या अंगाला येते आणि तिथेच राहते. आलेखात हे डोळ्यांना दिसतं : अन्वस्त आपल्या प्रत्येक स्पर्शिकेच्या वर असतो, म्हणून स्पर्शिका अक्षाला टेकते तिथे वक्र अजून अक्षाच्या वरच असतो.

दुसरी गोष्ट. वाढावा ऋण नाही म्हणजे आपण दर वेळी डावीकडेच सरकतो, फार तर जागेवर राहतो. म्हणून पहिल्या पायरीनंतर पदं लहान लहान होत जातात.

तिसरी गोष्ट, आणि हमी खरी इथे मिळते. वाढावा म्हणजे xₙ² − a. a धन आहे, म्हणजे वाढावा xₙ² पेक्षा नक्की कमी. सूत्रात dₙ² / (4xₙ²) हे dₙ × (dₙ / 4xₙ²) असं वाचलं तर कंसातली राशी एक चतुर्थांशापेक्षा कमी आहे. म्हणजे दर पायरीला वाढावा किमान चौपटीने घटतो. एखादी धन संख्या पुन्हा पुन्हा चाराने भागत गेलं तर ती तुम्ही म्हणाल त्या मर्यादेच्या खाली जाते. म्हणून वाढावा शून्याकडे जातो. xₙ चा वर्ग हवा तितका ७२० च्या जवळ नेता येतो, आणि एकदा जवळ गेला की परत दूर जात नाही.

लक्षात घ्या, या सगळ्यात आपण √720 हे चिन्ह कुठेच वापरलं नाही. बेरीज, भागाकार आणि वर्ग एवढ्यावरच भागलं. ही माझ्या मते या मांडणीची सर्वांत चांगली बाजू. कारण क्रमिकेतलं प्रत्येक पद साधा अपूर्णांक आहे, पण ज्याचा वर्ग नेमका ७२० आहे असा अपूर्णांक अस्तित्वातच नाही. अपूर्णांकांच्या जगात राहिलात तर ही क्रमिका कुणाकडेतरी धावते आहे हे दिसतं, पण तिथे पोचल्यावर जागा रिकामी असते. वास्तव संख्यांचा एक मूलभूत गुणधर्म असा की, सतत घटणारी आणि एखाद्या पातळीखाली न जाणारी क्रमिका कुठल्यातरी वास्तव संख्येवर स्थिरावतेच. आपली क्रमिका घटती आहे, शून्याच्या खाली जात नाही. म्हणून तिला सीमा आहे. तिला L म्हणू. वाढावा शून्याकडे जातो म्हणून L² = 720. म्हणजे या युक्तिवादाने वर्गमुळाकडे जायचा रस्ता तर सापडलाच, शिवाय वर्गमूळ नावाची संख्या खरोखर आहे हेही सिद्ध झालं.

आता वेग. चौपटीने घट ही किमान हमी होती. प्रत्यक्षात घट कितीतरी जोरात होते, कारण सूत्रात वाढाव्याचा वर्ग आहे. पहिल्या पायरीनंतर xₙ² हा a पेक्षा कमी नसतो, म्हणून

dₙ₊₁ ≤ dₙ² / (4a)

वाढाव्याला 4a ने भागून जे येतं त्याला सापेक्ष वाढावा म्हणू. दोन्ही बाजूंना 4a ने भागलं की सूत्र सांगतं : नवा सापेक्ष वाढावा हा जुन्याच्या वर्गापेक्षा जास्त नसतो. २७ साठी तो ९/२८८०, म्हणजे १/३२०. पुढच्या पायरीला जास्तीत जास्त १/३२० चा वर्ग, त्यापुढे चौथा घात, मग आठवा, सोळावा. घातांक दर वेळी दुप्पट होतो. शतांशाचा वर्ग दहा हजारांश, त्याचा वर्ग दहा कोट्यांश. दशांशचिन्हानंतरची शून्यं दुपटीने वाढत जातात. ‘प्रत्येक पायरीला बरोबर अंकांची संख्या दुप्पट होते’ असं या पद्धतीबद्दल म्हणतात, त्याचा अर्थ हा. ७२० च्या उदाहरणात मुळातली चूक पहिल्या पायरीनंतर ०.०००५, दुसरीनंतर ०.००००००००५. तिसरीनंतर दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं येऊन मग पहिला अंक दिसतो.

३२० म्हणजे जवळजवळ १० चा अडीचावा घात. या हिशेबाने २७ पासून निघून शंभर अंकांपर्यंत जायला सहा पायऱ्या पुरतात, हजार अंकांना नऊ, आणि दहा लाख अंकांना एकोणीस. शाळेत शिकवतात त्या भागाकार पद्धतीत, जिथे अंकांच्या जोड्या खाली उतरवतात, प्रत्येक पायरीला एक अंक मिळतो. हजार अंकांना हजार पायऱ्या. अर्थात तुलना प्रामाणिक हवी. हेरॉनच्या रीतीतली शेवटची पायरी म्हणजे हजार अंकी भागाकार आहे, शाळेतल्या रीतीची पायरी त्यामानाने हलकी. पण सुरुवातीच्या पायऱ्या हजार अंकांनी करायची गरजच नसते. जिथे पाचच अंक बरोबर येणार आहेत तिथे दहा अंकांनी हिशेब केला तरी भागतं, पुढच्या पायरीला वीस, मग चाळीस. सगळा जड खर्च शेवटच्या एक-दोन पायऱ्यांवर येतो.

अधल्यामधल्या पायऱ्या अशा ढोबळ ठेवता येतात याला कारण आहे. या क्रमिकेला मागची आठवण नसते. पुढचं पद फक्त आत्ताच्या पदावरून ठरतं, म्हणून मध्येच कुणी आकडा गोळाबेरीज करून टाकला तर ती नुसती नवी सुरुवात ठरते. २६ ५/६ ऐवजी २६.८३ घेऊन पुढे जा. याचा वर्ग ७१९.८४८९, म्हणजे ०.१५११ ची तूट. तुटीला ५३.६६ ने भागून उजवीकडे सरकलं की २६.८३२८१५९ येतं, आणि सहा दशांश स्थळांपर्यंतचे अंक बरोबर आहेत. हाताने हिशेब करणाऱ्याला यातून एक तपासणीही मिळते. पहिल्या पायरीनंतर एखादं पद आधीच्यापेक्षा मोठं आलं, तर वाटेत कुठेतरी भागाकार चुकला आहे किंवा आपण तोडलेल्या अंकांची मर्यादा आली आहे. आणि खरं मूळ नेहमी xₙ आणि 720/xₙ यांच्या मध्ये असल्यामुळे, किती अंक भरवशाचे आहेत हे त्या दोघांची तुलना करून लगेच कळतं. दोघांत जे अंक सारखे तेवढे पक्के.

स्पर्शिकेच्या पावलाचं एक जुनं भारतीय रूप इथे सांगायला हवं. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाचा नियम आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. बाजू १ धरली तर १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८. पहिल्या तीन पदांची बेरीज १७/१२. तिचा वर्ग २८९/१४४, म्हणजे २ पेक्षा वाढावा १/१४४. त्याला १७/१२ च्या दुपटीने भागा. उत्तर येतं १/४०८. सूत्रातली शेवटची वजाबाकी म्हणजे १७/१२ पासूनचं नेमकं स्पर्शिकेचं पाऊल. शुल्बसूत्रं नियम सांगतात, त्यामागचा विचार सांगत नाहीत. त्यामुळे बौधायनाला न्यूटनची पद्धत येत होती असे दावे जे केले जातात ते मला उतावीळ वाटतात. पण अंकगणित मात्र तंतोतंत जुळतं, आणि उत्तर दशांशचिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत बरोबर आहे.

सुरुवात वाईट झाली तर काय? २७ सुचायला हेरॉनला ७२९ माहीत असावं लागलं. समजा काहीच अंदाज नाही म्हणून आपण थेट ७२० वरूनच सुरुवात केली. पदं येतात ३६०.५, मग १८१.२५, ९२.६१, ५०.१९, ३२.२७. इथे वेगाचा मागमूस नाही. पद नुसतं निम्म्याच्या आसपास होत जातं, कारण मूळ फार दूर असताना a/xₙ नगण्य असतो आणि सरासरी म्हणजे जवळजवळ xₙ चं निम्मं. वाढावा जवळजवळ xₙ² एवढाच असल्यामुळे चौपटीची किमान हमीच कशीबशी पाळली जाते. त्यानंतर २७.२९, मग २६.८३६७, आणि त्यापुढच्या पदात चूक दशलक्षांशाच्याही आत येते. म्हणून वेगाबद्दल बोलताना दोन टप्पे वेगळे ठेवावेत. आधी मुळाच्या परिसरात पोचण्याची रांगणी, मग अंक दुप्पट होण्याची धाव. संगणकात वर्गमूळ काढताना चांगला पहिला अंदाज घेण्यावर इतका भर असतो तो पहिला टप्पा गाळण्यासाठी. आणि ७२० ऐवजी १ पासून सुरुवात केली असती तर? पहिल्याच पायरीला पुन्हा ३६०.५, कारण १ आणि ७२० यांची सरासरी कुठूनही घेतली तरी तीच.

संगणकावर ही क्रमिका पूर्णांकांतच चालवायची वेळ येते तेव्हा एक गमतीदार सापळा लागतो. वर्गमुळाचा फक्त पूर्णांक भाग हवा असतो आणि भागाकारातली बाकी दर वेळी टाकून द्यायची असते. नवशिका प्रोग्रॅमर लिहितो : लागोपाठ दोन पदं सारखी आली की थांब. बहुतेक संख्यांना हे चालतं. ८ ला चालत नाही. पद २ असेल तर ८/२ म्हणजे ४, सरासरी ३. पद ३ असेल तर ८/३ मधून बाकी टाकून २, सरासरी अडीच, बाकी टाकून पुन्हा २. मग ३, मग २, आणि प्रोग्रॅम जन्मभर फिरत राहतो. ३, ८, १५, २४ अशा, पूर्ण वर्गापेक्षा एकाने कमी असलेल्या प्रत्येक संख्येला हेच होतं. उपाय वरच्या सिद्धतेतच आहे. वरून सुरुवात करा, आणि पद घटायचं थांबलं की थांबा :

```python
def isqrt(n):
    if n == 0:
        return 0
    x = n
    while True:
        y = (x + n // x) // 2
        if y >= x:
            return x
        x = y
```

हे बरोबर का चालतं? सरासरी खऱ्या मुळाच्या खाली जात नाही हे आपण पाहिलं. तिची बाकी टाकली तरी ती मुळाच्या पूर्णांक भागाच्या खाली जाणार नाही. आणि x अजून त्या पूर्णांक भागापेक्षा मोठा असेल, तर तो खऱ्या मुळापेक्षाही मोठाच आहे, म्हणजे पुढचं पद नक्की लहान. घट थांबली याचा अर्थ एकच, आपण नेमके उत्तरावर उभे आहोत. ८ साठी पदं ८, ४, ३, २ अशी उतरतात, पुढे ३ येतो, आणि प्रोग्रॅम २ सांगून मोकळा होतो.

सिद्धतेत एक गृहीत होतं : a धन आहे. ते काढून घेतलं तर काय बिघडतं हे पाहिलं की त्या गृहीताचं काम कळतं. a = 0 घ्या. सूत्रात उरतं फक्त xₙ/2. वाढावा xₙ² एवढाच, म्हणून तो दर वेळी नेमका चौथा भाग होतो. क्रमिका शून्याकडे जाते खरी, पण अंक दुप्पट होण्याचा वेग कधीच येत नाही. आलेखात अन्वस्त इथे अक्षाला छेदत नाही, नुसता टेकतो, आणि टेकण्याच्या जागी स्पर्शिका आडवी होत जाते. कुठल्याही समीकरणात मूळ असं दुहेरी असलं की स्पर्शिकेची रीत अशीच मंदावते. पदातली चूक दर पायरीला ठराविक भागानेच घटताना दिसली, तर दुहेरी मुळाचा संशय घ्यावा.

आणि a = −1? आता वाढावा xₙ² पेक्षा मोठा, चौपटीची हमी गेली. २ पासून निघा : ०.७५, −०.२९, १.५७, ०.४७, −०.८४, पुढे अशीच उजवी-डावीकडे भटकंती. ती स्थिरावणार तरी कुठे? स्थिरावली असती तर सीमेचा वर्ग −१ भरला असता, आणि तशी वास्तव संख्या नाही. १ पासून निघालात तर पहिल्याच पायरीला ० येतो, तिथली स्पर्शिका पूर्ण आडवी असते, ती अक्षाला कुठेच भेटत नाही आणि सूत्र शून्याने भागायला सांगतं. १/√3, म्हणजे सुमारे ०.५७७ पासून निघालात तर पुढचं पद −०.५७७, त्यापुढचं परत ०.५७७, आणि या दोन बिंदूंमध्ये क्रमिका कायमची ये-जा करते. कागदावर, म्हणजे. कॅल्क्युलेटरवर ०.५७७ च्या शेवटच्या अंकात जी बारीकशी चूक असते ती दर पायरीला जवळजवळ दुप्पट होते, आणि काही डझन पायऱ्यांत ही शिस्तही मोडते.